क्रिएटिनिन १.४ आणि रोज तीन कॅप्सूल

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एका आजींना नागीण झाली. फोड सुकले, खपल्या पडल्या, पण बरगडीच्या पट्ट्यातली आग काही जाईना. अंगावरच्या कपड्याचा स्पर्शही सोसवत नव्हता. नागिणीनंतर मागे राहणाऱ्या अशा दुखण्यावर गॅबापेंटिन नावाचं औषध देतात, आणि ते देणं योग्यच होतं. डॉक्टरांनी ३०० मिलिग्रॅमची कॅप्सूल सकाळ, दुपार, रात्र अशी लिहून दिली. नेहमीचाच डोस.

पहिल्या रात्री आजींना बऱ्याच दिवसांनी झोप लागली. दुसऱ्या दिवशी त्या जरा सुस्त होत्या, पण इतक्या रात्री जागून काढल्यावर माणूस झोपणारच, असं सगळ्यांना वाटलं. तिसऱ्या दिवशी जेवताना डोळा लागला. चौथ्या दिवशी बाथरूमकडे जाताना तोल गेला. पाचव्या दिवशी हाताला मधूनच झटका बसून कप सांडला, आणि त्या सुनेला म्हणाल्या, "अगं, आज शाळा नाही का तुला?" सून दोन मुलांची आई. घरच्यांना वाटलं, मेंदूला झटका आला. स्कॅन केला तर तो ठीक निघाला.

उत्तर फाइलमध्येच होतं. दोन महिन्यांपूर्वीच्या रक्ताच्या रिपोर्टात, मूत्रपिंड कसं चाललंय याचा अंदाज देणारं क्रिएटिनिन १.४ असं लिहिलं होतं. स्त्रियांसाठी बहुतेक लॅब १.१ च्या आसपास वरची मर्यादा धरतात. म्हणजे आकडा जरासाच पुढे. "थोडंसं वाढलंय, लक्ष ठेवू" असं म्हणून तो मागे पडला होता.

ही आजी मी समजावण्यासाठी उभी केली आहे, पण वॉर्डात काम केलेल्या कुणालाही ती ओळखीची वाटेल. औषध योग्य, डोस पुस्तकाप्रमाणे, आणि तरीही माणूस गुंगीत. हे कसं होतं ते नीट बघायचं, तर गॅबापेंटिनइतकं सरळ उदाहरण दुसरं सापडणं कठीण. कारण या औषधाला शरीराबाहेर पडायला एकच दार आहे.

बहुतेक औषधांचं काय होतं? यकृत त्यांची मोडतोड करतं, आणि उरलेले तुकडे मूत्रपिंड लघवीवाटे बाहेर टाकतं. गॅबापेंटिनला यकृत हात लावत नाही. रक्तातल्या प्रथिनांना ते चिकटूनही बसत नाही. जसं पोटातून रक्तात शिरतं, तसंच्या तसं मूत्रपिंडातून गाळून बाहेर पडतं. त्यामुळे मूत्रपिंड जितकं गाळेल तितकंच औषध जाणार. मूत्रपिंडाचा वेग निम्मा झाला की औषध जाण्याचा वेगही निम्मा. मधे दुसरं कुणी मदतीला नाही.

आता वेळेचा हिशेब. ज्याचं मूत्रपिंड धड आहे, अशा माणसाच्या रक्तातलं गॅबापेंटिन पाच ते सात तासांत निम्म्यावर येतं. आपण सहा तास धरू. या काळाला अर्धायुष्य म्हणतात. सहा तासांत निम्मं, बारा तासांत पाव, चोवीस तासांत सोळावा हिस्सा. आठ-आठ तासांनी एक कॅप्सूल घेणाऱ्या अशा माणसाच्या अंगात पुढची कॅप्सूल गिळण्याच्या क्षणी जुन्या कॅप्सूलांचं मिळून जवळपास दोन तृतीयांश कॅप्सूलभर औषध शिल्लक असतं. गिळल्यावर ते एक आणि दोन तृतीयांश होतं. पुन्हा उतरतं, पुन्हा चढतं. एका दिवसातच ही चढउतार ठरून जाते आणि मग महिनाभर घेतलं तरी साठा वाढत नाही. "दिवसातून तीनदा" ही सूचना या चढउतारीवर बेतलेली आहे. ती गाळण्याचा विशिष्ट वेग गृहीत धरते, आणि हे गृहीतक चिठ्ठीवर कुठेच लिहिलेलं नसतं.

आजींच्या मूत्रपिंडाचा वेग त्या वेगाच्या साधारण पाव होता. तो आकडा कुठून आला ते पुढे येईलच. पाव वेग म्हणजे औषध निम्मं व्हायला चौपट वेळ, सहा तासांऐवजी चोवीस. आता त्याच तीन कॅप्सूल मोजू. पहिल्या दिवशीची तिसरी कॅप्सूल घेतल्यावर अंगात सुमारे २.४ कॅप्सूलांइतकं औषध आहे. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी ३.६. तिसऱ्या दिवशी ४.२, चौथ्या दिवशी ४.५, आणि पुढे ते जवळजवळ पाचपर्यंत जाऊन थांबतं. आणखी महत्त्वाचं म्हणजे ते खाली किती उतरतं. पुढच्या डोसच्या आधी, म्हणजे औषध सर्वांत कमी असायला हवं तेव्हासुद्धा, आजींच्या अंगात जवळपास चार कॅप्सूल असतात. धडधाकट माणसात त्या वेळी एक कॅप्सूलही नसते. मेंदूला औषधातून उसंतच मिळत नाही.

हा हिशेब मी सोयीसाठी गोल आकड्यांनी केला. माणसाचं वजन आणि शरीरातलं पाणी यांनी तो थोडा इकडेतिकडे होतो. पण अतिशयोक्ती नाही. औषधासोबतच्या अधिकृत माहितीपत्रकात, ज्यांच्या मूत्रपिंडाचा वेग मिनिटाला ३० मिलिलिटरच्या खाली आहे अशा गटाचं सरासरी अर्धायुष्य ५२ तास दिलं आहे.

या आकड्यांकडे पाहिलं की त्रास उशिरा का दिसला तेही कळतं. औषधाचा साठा आपल्या शेवटच्या पातळीला पोचायला साधारण चार-पाच अर्धायुष्यं लागतात. सहा तासांचं अर्धायुष्य असेल तर हे सगळं दीड दिवसात उरकतं, आणि औषध सोसत नसेल तर लगेच समजतं. चोवीस तासांचं असेल तर चार-पाच दिवस जातात. तोवर "औषध सुरू करून झाले की चार दिवस, पहिले दोन दिवस तर छान गेले" असं म्हणून घरचे औषधावरचा संशय सोडून देतात. खरं तर पहिले दोन दिवस छान जाणं आणि मग हळूहळू बिघडणं हीच साठत जाणाऱ्या औषधाची खूण आहे. ॲलर्जी किंवा चुकीची गोळी सहसा अशी वागत नाही. म्हाताऱ्या माणसात नवी गुंगी, तोल जाणं, बोलण्यात घोळ, हातापायांना बसणारे बारीक झटके यांपैकी काहीही दिसलं, तर "गेल्या दोन आठवड्यांत कोणतं औषध नवं आलं किंवा वाढलं" हा प्रश्न स्कॅनच्या आधी विचारायला हवा, निदान स्कॅनच्या बरोबरीने तरी. गॅबापेंटिन फारच साठलं तर श्वासही मंदावतो. सोबत झोपेची गोळी किंवा मॉर्फिनसारखं वेदनाशामक चालू असेल तर हे लवकर होतं. अशा वेळी वाट बघायची नसते, थेट दवाखाना गाठायचा.

आता त्या १.४ कडे येऊ. सगळा घोटाळा त्याच्यापासून सुरू झाला.

क्रिएटिनिन म्हणजे आपल्या स्नायूंच्या रोजच्या कामकाजातून निघणारा कचरा. स्नायू तो जवळपास एकसारख्या गतीने तयार करत असतात आणि मूत्रपिंड तो गाळत असतं. रक्तातली त्याची पातळी या दोघांच्या हिशेबातून ठरते. म्हणूनच नुसता आकडा बघून मूत्रपिंडाबद्दल काही ठरवता येत नाही. कचरा कमी निघत असेल तर झाडणारा आळशी असला तरी अंगण स्वच्छ दिसतं. ४८ किलोच्या, हातापायांच्या काड्या झालेल्या आजींचे स्नायूच इतके कमी आहेत की मूत्रपिंड पाव वेगाने चाललं तरी क्रिएटिनिन १.४ च्या पुढे जात नाही. त्यांच्या अंगात १.४ हा मोठा आकडा आहे.

म्हणून डोस ठरवताना क्रिएटिनिनला वय, वजन आणि स्त्री की पुरुष यांची जोड देतात. यासाठी सर्वांत रुळलेलं सूत्र कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचं, १९७६ सालचं. एकशेचाळीसमधून वय वजा करा. उरलेल्याला किलोमधल्या वजनाने गुणा. मग ७२ गुणिले क्रिएटिनिन यांनी भागा. स्त्री असेल तर शेवटी ०.८५ ने गुणा. आजींचं करून बघू. १४० वजा ७८ म्हणजे ६२. त्याला ४८ ने गुणलं की २९७६. खाली ७२ गुणिले १.४ म्हणजे १००.८. भागाकार साधारण २९.५, आणि ०.८५ ने गुणल्यावर २५. म्हणजे मूत्रपिंड मिनिटाला सुमारे २५ मिलिलिटर रक्तद्रव क्रिएटिनिनपासून साफ करतं. तरुण, निरोगी माणसात हा आकडा शंभरच्या आसपास किंवा वर असतो. पाव वेग म्हटलं ते यावरून.

आता तेच १.४ तीस वर्षांच्या, ८० किलो वजनाच्या तरुणाचं आहे असं समजा. ११० गुणिले ८० म्हणजे ८८००, भागिले १००.८. उत्तर ८७. लॅबच्या कागदावर दोघांपुढेही तोच आकडा छापलेला, कदाचित दोघांपुढेही सारखीच छोटी खूण. पण एकाला नेहमीचा डोस चालतो आणि दुसरीला तो गुंगीत ढकलतो.

हल्ली अनेक लॅब क्रिएटिनिनच्या खाली गाळण्याच्या वेगाचा ईजीएफआर नावाचा तयार आकडा छापतात. सोय चांगली आहे. मूत्रपिंडाचा आजार कोणत्या टप्प्यावर आहे हे समजायला तो उपयोगी पडतो. पण त्यात एक मेख आहे, आणि ती बारीक अंगाच्या माणसालाच बोचते. हा आकडा १.७३ चौरस मीटर पृष्ठभाग असलेल्या, म्हणजे बऱ्यापैकी भरलेल्या शरीराच्या मापात दिलेला असतो. आजींचं वय आणि क्रिएटिनिन ईजीएफआरच्या २०२१ च्या सूत्रात घातलं तर उत्तर ३८ च्या आसपास येतं. त्यांची उंची १५० सेंटिमीटर, त्यामुळे शरीराचा पृष्ठभाग साधारण १.४ चौरस मीटर. तो हिशेबात धरला की ३८ चे ३१ होतात, आणि जुन्या सूत्राने २५. कोणता खरा? तिन्ही अंदाजच आहेत. पण गॅबापेंटिनच्या डोसाचे टप्पे जुन्या पद्धतीच्या आकड्यावर बांधलेले आहेत आणि त्यांची एक सीमा नेमकी ३० वर आहे. ३८ धरला तर आजी एका खणात पडतात, २५ धरला तर त्याखालच्या खणात. सीमेवरच्या माणसाला, त्यातून वय झालेल्या आणि बारीक माणसाला, मी तरी खालच्याच खणात ठेवीन. वेदना कमी झाली नाही तर डोस वाढवता येतो. पडून खुब्याचं हाड मोडलं तर ते मागे घेता येत नाही.

ते खण असे आहेत. वेग ६० किंवा जास्त असेल तर दिवसाला ९०० ते ३६०० मिलिग्रॅम, तीन भागांत. ३० ते ५९ असेल तर ४०० ते १४००, दोन भागांत. १५ ते २९ असेल तर २०० ते ७००, दिवसातून एकदाच. त्याखाली आणखी कमी, आणि डायलिसिसवर असलेल्यांना डायलिसिस झाल्यानंतर वेगळा डोस, कारण यंत्र हे औषध भराभर ओढून नेतं. डायलिसिस नसलेल्या दिवशी त्यांचं अर्धायुष्य १३२ तास असतं, यंत्र चालू असताना ते चार तासांच्याही खाली येतं. दार एकच आहे असं म्हटलं ना, ते यंत्राने उघडलं की औषध असं निघून जातं.

टप्प्यांकडे नीट पाहिलं तर लक्षात येईल की फक्त मात्रा कमी केलेली नाही, वेळाही कमी केल्या आहेत. चोवीस तासांत जेमतेम निम्मं होणारं औषध आठ तासांनी पुन्हा देण्यात अर्थ नसतो. आजींना रात्री एकच ३०० ची कॅप्सूल दिली तर काय होईल तेही मोजू. रोज एक येणार, रोज निम्मं जाणार. काही दिवसांनी घेतल्यानंतर दोन कॅप्सूल आणि घेण्याआधी एक अशी पातळी ठरते, सरासरी दीडच्या जरा खाली. रोज तीन घेणाऱ्या धडधाकट माणसाची सरासरी एकच्या किंचित वर असते. म्हणजे आजींना एका कॅप्सूलमध्ये इतरांच्या तीन कॅप्सूलांपेक्षा अंमळ जास्तच औषध मिळतं. "डोस कमी केला म्हणजे आता गुण कसा येणार?" असं नातेवाईक काळजीने विचारतात. त्याचं उत्तर या हिशेबात आहे. गोळ्या कमी झाल्या, रक्तातलं औषध कमी झालेलं नाही. सुरुवात तर १०० मिलिग्रॅमने करून, आठवड्याने बघून वाढवणं अधिक बरं.

इथवर सगळं सरळ आहे, आणि त्यातूनच एक चुकीचा धडा घेतला जाऊ शकतो. मूत्रपिंड अशक्त म्हणजे सगळीच औषधं त्या प्रमाणात कमी करायची, असा. तसं केलं तर काही वेळा जास्त नुकसान होतं.

फ्युरोसेमाइड घ्या. अंगावरची सूज उतरवणारं, लघवी वाढवणारं औषध. ते काम करतं मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांच्या आतल्या बाजूने. रक्तातून त्या नळ्यांत पोचल्याशिवाय त्याचा काहीच परिणाम होत नाही, आणि पोचवण्याचं काम मूत्रपिंडालाच करायचं असतं. मूत्रपिंड अशक्त असलं की औषध पुरेसं आत जातच नाही. म्हणून अशा रुग्णांना फ्युरोसेमाइड बऱ्याचदा नेहमीपेक्षा जास्त द्यावं लागतं. "किडनीचा पेशंट आहे, मग ४० ची गोळी अर्धी करू" असं परस्पर केलं तर सूज वाढते आणि दोष मात्र औषधाला दिला जातो.

दुसरी अडचण पहिल्या डोसाची. कोणत्याही औषधाची पहिली मात्रा मोकळ्या शरीरात शिरते. तेव्हा साठा नसतो, त्यामुळे मूत्रपिंड मंद आहे की जलद, याने त्या क्षणी फारसा फरक पडत नाही. औषध किती पातळी गाठणार हे तेव्हा शरीराच्या आकारमानावर ठरतं. जंतुसंसर्गात पहिल्याच दिवशी पुरेशी पातळी गाठावी लागते. लेव्होफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकच्या सूचनेत हे स्पष्ट दिसतं. जिथे इतरांना रोज ५०० मिलिग्रॅम द्यायचे, तिथे २० ते ४९ वेग असलेल्या रुग्णाला पहिला डोस पूर्ण ५०० चाच द्यायचा आणि मग रोज २५०. पहिलाच डोस घाबरून निम्मा केला तर जंतूंना दोन-तीन दिवसांची मोकळीक मिळते, तीही आजारी माणसाला सर्वांत न परवडणाऱ्या दिवसांत.

आणि मॉर्फिन. याची मोडतोड यकृत करतं, म्हणून मूत्रपिंडाचा संबंध नाही असं वाटतं. पण यकृत ज्या तुकड्यांत त्याला मोडतं, त्यांपैकी एक स्वतःच जोरदार वेदनाशामक आहे, आणि तो मूत्रपिंडातूनच जातो. मूळ औषध वेळेवर जातं, त्याचं पिल्लू मागे राहतं. मूत्रपिंड फार अशक्त असलेला रुग्ण मॉर्फिनच्या साध्या मात्रेने दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गाढ गुंगीत जातो तो यामुळे. म्हणून अशांना मॉर्फिन टाळून दुसरं औषध निवडणं बहुतेकदा शहाणपणाचं ठरतं.

तेव्हा "किडनीसाठी डोस कमी" हा नियम नसून, प्रत्येक औषधाला विचारायचा प्रश्न आहे. ते कुठून जातं, त्याचे तुकडे कुठून जातात, काम कुठे करतं, आणि जास्त झालं तर काय होतं. या शेवटच्या प्रश्नावर बरंच काही ठरतं. साठलं तरी फारसा त्रास न देणारी औषधंही आहेत. त्यांचा डोस काटेकोर मोजण्यात वेळ घालवायचं कारण नाही.

आजींकडे परत जाऊ. पाचव्या दिवशी गॅबापेंटिन थांबवलं. अशा मूत्रपिंडात औषध स्वतःच सावकाश उतरतं: पाच कॅप्सूलांचं एका दिवसात अडीच, मग सव्वा, मग अर्ध्याच्या जरा वर. तिसऱ्या दिवशी आजींनी सुनेला नावाने हाक मारली. चौथ्या दिवशी आधाराने चालल्या. त्या वेळी दुखणंही परत डोकं वर काढू लागलं होतं. ते अपेक्षितच होतं. मग रात्री १०० मिलिग्रॅम सुरू केलं आणि दोन आठवड्यांत ३०० पर्यंत नेलं. नागिणीची आग सोसवण्याइतकी कमी झाली. फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: वजन ४८, क्रिएटिनिन १.४, वेग २५. औषधाच्या दुकानात किंवा दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना दाखवायला हे तीन आकडे, तारखेसह, जवळ असले की पुढचं काम सोपं होतं.

तारखेसह यासाठी, की हे आकडे टिकत नाहीत. दोन महिन्यांनी आजींना जुलाब लागले. दोन दिवस पाणीसुद्धा पोटात ठरेना, अंग दुखतं म्हणून घरात असलेली आयबुप्रोफेनची गोळीही दोन-तीनदा दिली गेली. शरीरातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त कमी होतं, आणि आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं उरलासुरला प्रवाह टिकवण्याची मूत्रपिंडाची धडपडही मोडतात. तपासलं तर क्रिएटिनिन २.१. सूत्रात घातलं तर वेग १७ येतो. म्हणजे १५ च्या वर, म्हणजे दिवसातून एकदा २०० ते ७०० च्या खणात, म्हणजे चालू असलेली ३०० ची कॅप्सूल तशीच चालेल, असं कागदावर दिसतं.

पण हे सूत्र क्रिएटिनिन एका पातळीवर स्थिर आहे असं धरून चालतं, आणि इथे ते चढत होतं. गॅबापेंटिन साठायला जसे दिवस लागतात, तसेच क्रिएटिनिन साठायलाही लागतात. मूत्रपिंड आज अचानक जवळपास बंद पडलं, तरी उद्या सकाळी क्रिएटिनिन थोडंसंच वाढलेलं दिसेल. चढत्या आकड्यावरून काढलेला वेग नेहमी खऱ्यापेक्षा जास्त येतो. त्या दिवशी आजींचा खरा वेग १७ नव्हता, त्याच्या बराच खाली होता. म्हणून त्या रात्रीची कॅप्सूल दिली नाही, आयबुप्रोफेन बंद केलं, सलाइन लावलं, आणि लघवी किती होते ते मोजत राहिले. दुसऱ्या दिवशी क्रिएटिनिन २.३, तिसऱ्या दिवशी २.०, सहाव्या दिवशी १.५ वर येऊन थांबलं. लागोपाठ दोन रिपोर्ट १.५ चे आल्यावरच पुन्हा सूत्र मांडलं. उत्तर २३ आलं, आणि रात्रीची एक कॅप्सूल परत सुरू झाली.